अपलोड पूर्ण झालं की अर्धवट राहिलं? कमकुवत नेटवर फाइल पाठवणाऱ्यांसाठी

कमकुवत नेटवर मोठी फाइल पाठवताना दोन प्रकारे फसगत होते. पहिल्या प्रकारात अपलोड झालं असं समजून आपण निर्धास्त होतो आणि समोर अर्धीच फाइल पडलेली असते. दुसऱ्या प्रकारात ‘अपलोड अयशस्वी’ असा संदेश दिसतो म्हणून आपण तीच फाइल पुन्हा पाठवत बसतो, आणि पहिल्याच वेळी ती पूर्ण पोहोचलेली असते. नवख्या माणसाला पहिली फसगत जास्त महागात पडते, कारण फाइल पोहोचली या भरवशावर तो फोनमधली मूळ प्रत पुसून टाकतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: खाली दिलेली तपासणी होईपर्यंत मूळ फाइलला हात लावू नका, फोनमध्ये जागा कितीही कमी पडत असली तरी.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. फोनवर रेकॉर्ड केलेली १२ मिनिटांची मुलाखत आहे, फाइलचं नाव `mulakhat.mp4`. ती मोबाइल डेटावरून दूरच्या एका सर्व्हरवर पाठवायची आहे.

रेंज दिसते, तरी अपलोड का तुटतं

फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती नीट येतो एवढंच दाखवतात. आपला आवाज टॉवरपर्यंत पोहोचतो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर भरपूर ताकदीने बोलू शकतो. फोरजीवरच्या साध्या फोनची प्रक्षेपणाची कमाल ताकद मात्र साधारण २०० मिलिवॉट असते. त्यामुळे टॉवरपासून लांब किंवा जाड भिंतींच्या आत असलात, तर व्हिडिओ छान बघता येतो पण पाठवताना मात्र दम लागतो. ‘नेट तर चालतंय, मग अपलोडच का अडकतं?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसरं कारण पत्ता बदलण्याचं. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला किंवा उलट झालं, की त्याचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. चालू असलेलं कनेक्शन सहसा जुन्या पत्त्याला बांधलेलं असल्यामुळे ते तिथेच मरतं. गंमत अशी की फोनला हे लगेच कळतंच असं नाही. पाठवलेल्या माहितीची पोच येत नाही म्हणून तो तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. अँड्रॉइड ज्याच्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे असा प्रयत्न १५ मिनिटांच्या आसपास चालू शकतो. बहुतेक अ‍ॅप त्याआधीच हार मानतात, पण काही मानत नाहीत. म्हणूनच कधीकधी टक्केवारी एका आकड्यावर गोठून बसते आणि चूक म्हणून काहीच दिसत नाही. पट्टी पाच मिनिटं हललेली नसेल, तर कनेक्शन बहुधा मेलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरं कारण साधं आहे: स्क्रीन बंद झाली किंवा दुसरं अ‍ॅप उघडलं आणि फोनने बॅटरी वाचवण्यासाठी अपलोड करणारं अ‍ॅप झोपवलं. ब्राउझरमधून पाठवत असाल तर हे फार होतं. मोठी फाइल जात असताना ते पान समोर उघडं ठेवा.

पायरी १: पाठवण्याआधी बाइटमधला आकार टिपून ठेवा

एमबीमधला आकार तुलनेसाठी निरुपयोगी आहे. फोन बहुधा १ एमबी म्हणजे १०,००,००० बाइट धरतो, तर विंडोज १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरतं. आपल्या मुलाखतीची फाइल १८,४३,२०,५१७ बाइटची आहे. हीच फाइल एका ठिकाणी १८४ एमबी दिसेल आणि दुसऱ्या ठिकाणी १७५ एमबी. या नऊ एमबीच्या फरकाने घाबरून पुन्हा अपलोड करणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांची फाइल पूर्ण पोहोचलेली असते.

म्हणून पूर्ण बाइटचा आकडा हवा. बऱ्याच फाइल मॅनेजर अ‍ॅपमध्ये फाइलच्या माहितीत तो कंसात लिहिलेला असतो. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून Properties उघडलं की Size या ओळीत दिसतो. त्याच्या खालची Size on disk ही ओळ सोडून द्या, ती डिस्कवर अडवलेल्या जागेची आहे. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलमध्ये एवढं पुरे:

```
ls -l mulakhat.mp4
```

हा आकडा कागदावर किंवा स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या तपासणीचा आधार तोच आहे.

पायरी २: १०० टक्क्यांवर थांबू नका, पोच येऊ द्या

प्रगतीची पट्टी काय मोजते हे नीट समजून घेतलं पाहिजे. ब्राउझर किंवा अ‍ॅप फाइलचे तुकडे फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतं आणि किती बाइट हवाली केले ते पट्टीवर दाखवतं. सिस्टिम ते बफरमध्ये, म्हणजे एका तात्पुरत्या साठ्यात, ठेवते आणि नेट जमेल तसे बाहेर सोडते. म्हणजे पट्टी १०० टक्के झाली तेव्हा शेवटचा भाग फोनमधून निघालेलाही नसू शकतो. लहान फोटो पाठवताना पट्टी एकदम शेवटाला पोहोचते आणि मग बराच वेळ काहीच होत नाही, ते याच कारणाने: अख्खा फोटो बफरमध्ये मावला, पण प्रवास अजून व्हायचाच आहे.

अपलोड संपलं असं फक्त सर्व्हर सांगू शकतो. साधारणपणे पाठवताना फोन आधीच सांगतो की मी इतके बाइट पाठवणार आहे. तेवढे सगळे हातात आल्यावर सर्व्हर उत्तर देतो. पडद्यावर ते ‘अपलोड पूर्ण’, हिरवी खूण, फाइलची लिंक किंवा यादीत आलेलं नाव अशा कुठल्या तरी रूपात दिसतं. हे उत्तर येण्याआधी पान बंद केलं किंवा फोन खिशात टाकला, तर शेवटच्या क्षणी अपलोड तुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आता याची उलटी बाजू. सगळे बाइट पोहोचले, सर्व्हरने उत्तर पाठवलं, आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. उत्तर वाटेत हरवलं. फोनच्या दृष्टीने अपलोड अयशस्वी, सर्व्हरच्या दृष्टीने पूर्ण. पट्टी ९९ किंवा १०० टक्क्यांवर असताना ‘अपलोड अयशस्वी’ असा संदेश आला असेल, तर लगेच पुन्हा पाठवू नका. आधी पुढच्या पायरीवर जा.

पायरी ३: यादी दुसऱ्या उपकरणावरून बघा

ज्या फोनवरून पाठवलं त्याच फोनवर तपासणं पुरेसं नाही. बरीच अ‍ॅप रांगेत असलेली फाइलही यादीत दाखवतात, आणि तिचं छोटं चित्र फोनमधल्याच मूळ प्रतीवरून काढलेलं असतं. फाइलवर टिचकी मारली तर व्हिडिओ चालतोसुद्धा, कारण तो फोनमधूनच चालतो. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून त्याच खात्यात जा. दुसरं काही हाताशी नसेल तर फोनवरच ब्राउझरची खासगी खिडकी उघडून लॉगिन करा.

तिथे फाइल दिसली नाही तर अपलोड अपूर्ण आहे, किंवा झालंच नाही. फाइल दिसली तर मात्र ती कुठे ठेवली आहे यावर अर्थ बदलतो. गूगल ड्राइव्हसारख्या सेवा फाइल पूर्ण हाती आल्याशिवाय ती यादीत घालत नाहीत, त्यामुळे तिथे नाव दिसणं हीच बऱ्यापैकी खात्री असते. एफटीपी किंवा एसएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतींनी थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये पाठवलं असेल तर तसं नाही. तिथे पहिला बाइट पोहोचताच फाइल खऱ्या नावाने तयार होऊ शकते आणि अर्धवट राहिली तरी नाव तेच राहतं. काही प्रोग्राम मात्र काळजी घेतात: विनएससीपी मोठी फाइल पाठवताना नावापुढे `.filepart` जोडतं आणि काम पूर्ण झाल्यावरच ते काढतं. अशी शेपटी असलेली फाइल दिसली तर ती अर्धवट आहे, दुसरा विचार नको.

पायरी ४: बाइट ताडून बघा

आपली मुलाखत एसएफटीपीने पाठवली होती. पट्टी दोन तृतीयांशाच्या आसपास थबकली आणि थोड्या वेळाने कनेक्शन तुटल्याचा संदेश आला. सर्व्हरवर `mulakhat.mp4` नावाची फाइल आहे. आकार पाहिला तर १२,१६,३४,८१६ बाइट. मूळ आकार १८,४३,२०,५१७. म्हणजे ६,२६,८५,७०१ बाइट कमी, फाइल ६६ टक्क्यांवर तुटलेली. इथे शंकेला जागाच नाही.

पण १२,१६,३४,८१६ हा आकडा आणखीही काही सांगतो. त्याला ४१,९४,३०४ ने, म्हणजे ४ एमबीच्या तुकड्याने भागलं तर बरोबर २९ येतात, बाकी शून्य. याचा अर्थ बहुधा पाठवणारं अ‍ॅप फाइलचे ४ एमबीचे तुकडे करून पाठवत होतं, २९ तुकडे नीट उतरले आणि तिसावा वाटेत गेला. पूर्ण फाइलचे असे ४४ तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा अपुरा असतो, कारण खऱ्या फाइलचा आकार असा तंतोतंत भागला जाणं क्वचितच घडतं. सर्व्हरवरच्या फाइलचा आकार ‘गोल’ निघाला, म्हणजे तुकड्याच्या मापाने पूर्ण भागला गेला, तर मूळ आकडा हाताशी नसतानाही अर्धवट अपलोडचा संशय घ्यायला जागा आहे. पुरावा म्हणून नाही, संशय म्हणूनच.

आकार शून्य असेल तर नाव तयार झालं पण आत काहीच आलं नाही. हेही बऱ्याचदा होतं.

एक सावधगिरी. फोटोच्या सेवा आणि मेसेजिंग अ‍ॅप पाठवताना फाइल दाबून लहान करतात. काही फोन फोटोचा प्रकारच बदलतात, किंवा फोटोतली ठिकाणाची नोंद काढून मगच अ‍ॅपच्या हाती देतात. अशा वेळी फाइल पूर्ण असूनही आकार किंवा आतले बाइट जुळणार नाहीत. तुलना करायची असेल तर ‘मूळ गुणवत्ता’ निवडा किंवा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पायरी ५: फाइलचा शेवट तपासा

मूळ आकार माहीतच नसेल, उदाहरणार्थ फाइल दुसऱ्याने पाठवली आहे आणि तुम्ही घेणारे आहात, तर शेवट बघायचा. तुटलेल्या अपलोडमध्ये सुरुवात शाबूत असते, जातं ते शेपूट. आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलचं शेपूट वेगळं वागतं.

व्हिडिओच्या `.mp4` फाइलमध्ये `moov` नावाचा भाग असतो. कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे ठेवलं आहे, याची अनुक्रमणिकाच ती. बऱ्याच फोनवर हा भाग रेकॉर्डिंग थांबवल्यावर फाइलच्या शेवटी लिहिला जातो. शेपूट गेलं की अनुक्रमणिका गेली, आणि ६६ टक्के माहिती असूनही व्हिडिओ एक सेकंदही चालत नाही. व्हिडिओ फाइल तपासणाऱ्या ffprobe या प्रोग्रामला टर्मिनलमध्ये `ffprobe mulakhat.mp4` असं विचारलं तर `moov atom not found` हे उत्तर येतं. याउलट इंटरनेटसाठी तयार केलेल्या व्हिडिओत हा भाग सुरुवातीला ठेवलेला असतो. अशी फाइल तुटली तर प्लेअर एकूण वेळ १२ मिनिटं असाच दाखवतो, व्हिडिओ सुरळीत सुरू होतो आणि आठव्या मिनिटाच्या आसपास गप्प होतो. म्हणून व्हिडिओ सुरू झाला यावर समाधान मानू नका. सरकपट्टी ओढून शेवटच्या काही सेकंदांवर न्या आणि तिथे चालतो का ते बघा.

फोटोचं जरा वेगळं आहे. साधा जेपीईजी वरून खाली भरत जातो, त्यामुळे तुटला तर खालचा भाग राखाडी किंवा कोरा दिसतो, ते लगेच डोळ्यांत भरतं. प्रोग्रेसिव्ह जेपीईजी मात्र आधी अख्खं चित्र धूसर आणून मग स्पष्ट करत जातो. तो अर्ध्यात तुटला तर चित्र पूर्ण दिसतं, फक्त धूसर असतं, आणि माणूस म्हणतो की फोटोच हलला होता. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये शेवटचे दोन बाइट बघा:

```
tail -c 2 photo.jpg | xxd -p
```

`ffd9` आलं तर चित्राचा शेवट जागेवर आहे. काही फोन या खुणेच्या पुढेही स्वतःची माहिती जोडतात, तेव्हा `ffd9` नाही म्हणजे फोटो तुटलाच असं धरू नका.

झिप फाइलची यादी शेवटी असते, त्यामुळे अर्धवट झिप उघडत नाही. वर्डच्या `.docx` आणि एक्सेलच्या `.xlsx` फाइल आतून झिपच असतात, त्यांनाही हेच लागू. पीडीएफच्या शेवटी `%%EOF` असायला हवं.

सगळ्यात घातक आहे ती साधी मजकुराची फाइल, `.txt` किंवा `.csv`. ती कुठेही तुटली तरी कुरकुर न करता उघडते. ५,००० ओळींची यादी ३,३०० ओळींवर संपली तर कुणाच्याही लक्षात येत नाही. शेवटची ओळ मध्येच, एखाद्या शब्दात किंवा आकड्यात तुटली आहे का ते बघा, आणि पाठवणाऱ्याकडून ओळींची संख्या मागून घ्या.

पायरी ६: हॅश, जेव्हा आकार जुळूनही खात्री हवी असते

आकार जुळला म्हणजे फाइल जुळली असं नेहमीच नसतं. तुकडे एकाच वेळी समांतर पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये कधी शेवटचा तुकडा आधी पोहोचतो आणि मधला एक राहून जातो. त्या जागी शून्यं भरलेली असतात आणि आकार मात्र बरोबर दिसतो. दुसरा धोका अपलोड पुढे चालू करताना आहे: मधल्या काळात व्हिडिओ कापून त्याच नावाने पुन्हा जतन केला, तर आधीचे ६६ टक्के जुन्या फाइलचे आणि पुढचे नव्या फाइलचे असा जोड तयार होतो.

हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेला ठसा. एसएचए-२५६ चा ठसा ६४ अक्षरांचा असतो आणि एक बाइट बदलला तरी तो पार वेगळा निघतो. लिनक्सवर पहिली आज्ञा, मॅकवर दुसरी, विंडोजवर तिसरी:

```
sha256sum mulakhat.mp4
shasum -a 256 mulakhat.mp4
certutil -hashfile mulakhat.mp4 SHA256
```

मूळ फाइलचा ठसा काढा, पोहोचलेल्या फाइलचा काढायला सांगा, दोन्ही ताडा. पूर्ण ६४ अक्षरं जुळली तर फाइल पूर्ण आहे. एक ठसा ओळखीचा करून ठेवा: `e3b0c442` ने सुरू होऊन `7852b855` ने संपणारा ठसा दिसला, तर तो शून्य बाइटच्या रिकाम्या फाइलचा आहे.

सर्व्हरवर आज्ञा चालवता येत नसेल तर फाइल परत डाउनलोड करून ठसा काढावा लागतो. डेटा खर्च होतो, पण मूळ प्रत पुसायची असेल तर मी तेवढा खर्च करतो.

तुटलेलं निघालं तर पुढे काय

आधी अर्धवट फाइल पुसू नका. आपल्या उदाहरणात १ एमबीपीएस वेगाने पूर्ण फाइलला साडेचोवीस मिनिटं लागतात, उरलेल्या भागाला साडेआठ मिनिटांच्या आत. एसएफटीपीच्या आज्ञावलीत `put` ऐवजी `reput` दिलं की पाठवणं जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होतं. फाइल पाठवणारा आरसिंक हा प्रोग्राम असेल तर हे बरं, कारण ते पुढचा भाग जोडल्यावर अख्खी फाइल ताडूनही बघतं:

```
rsync --append-verify mulakhat.mp4 user@server:/videos/
```

ब्राउझरमध्ये ‘पुन्हा सुरू करा’ अशी सोय नसेल तर सगळं पहिल्यापासून जातं. तेव्हा अपलोडच्या आधी खिडकीजवळ किंवा उघड्यावर या, वायफाय बंद ठेवा म्हणजे मध्येच अदलाबदल होणार नाही, आणि एका जागी थांबा.

अपलोड कुठे तुटतं याचीही नोंद ठेवा. दर वेळी वेगळ्या टक्क्यावर तुटत असेल तर दोष नेटचा. दर वेळी त्याच आकड्यावर, किंवा घड्याळ लावून ठरावीक सेकंदांनी तुटत असेल, तर सर्व्हरने फाइलच्या आकाराला किंवा वेळेला घातलेली मर्यादा आहे. `413` हा आकडा दिसला तर फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. अशा वेळी रेंज शोधत फिरून उपयोग नाही, फाइल लहान करा किंवा तुकडे करून पाठवा.

बरेच प्रयत्न झाल्यावर सर्व्हरवर `mulakhat.mp4`, `mulakhat (1).mp4` अशा दोन-तीन प्रती साचतात. नवी ती बरोबर असं गृहीत धरू नका, कारण पोच हरवलेल्या प्रसंगात पहिलीच पूर्ण असते आणि नंतरची तुटलेली. प्रत्येकीचे बाइट मूळ आकड्याशी ताडा. ज्यांचा आकार जुळतो त्यांचा हॅश काढा, मूळ ठशाशी जुळणारी एक प्रत ठेवा, बाकीच्या काढून टाका, आणि त्यानंतरच फोनमधली फाइल पुसा.